‘वरचे तीन सेक्टर घ्या, निवांत राहा’: एका मेसेजचा हिशोब

“हे सेव्ह करून ठेवा. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी सगळ्या सेक्टर इंडेक्सचा तीन महिन्यांचा परतावा काढायचा, वरचे तीन घ्यायचे, बाकीचे विकायचे. बाजार पडला तरी पैसे सुरक्षित, कारण आपण कायम मजबूत सेक्टरमध्येच असतो. तीन वेगळे सेक्टर, म्हणजे जोखीमही विभागलेली. महिन्याला फक्त पंधरा मिनिटं. दहा वर्षांचा तक्ता सोबत जोडलाय, निफ्टीपेक्षा वर्षाला तीन टक्के जास्त!”

सोलापुरात चाटी गल्लीतल्या कापडवाल्यांपासून होटगी रोडच्या सोसायट्यांपर्यंत हा मेसेज फिरतोय. मला तो सात जणांनी पाठवला, त्यात माझा सख्खा साडू एक. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहितो, सल्लागार वगैरे नाही. पण ही पद्धत मी स्वतःच्या पैशांनी साडेतीन वर्षं चालवली आहे आणि तिचं बदललेलं रूप अजूनही चालवतो. म्हणून तिला थोतांड म्हणणार नाही. मेसेजातली वाक्यं मात्र एकेक करून तपासायला हवीत.

आधी सुरक्षिततेचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच वाक्य करणार आहे.

मेसेजातलं ‘मजबूत’ म्हणजे रिलेटिव्ह स्ट्रेंथ: सेक्टरचा इंडेक्स, म्हणजे एका उद्योगातल्या कंपन्यांच्या भावांचा निर्देशांक, भागिले निफ्टी. हा भागाकार वाढत असेल तर सेक्टर निफ्टीच्या तुलनेत मजबूत. (आरएसआय ही निराळी गोष्ट. तो एखाद्या भावाची त्याच्याच मागच्या चढउताराशी तुलना करतो, निफ्टीशी त्याचा संबंध नाही. मेसेजसोबतच्या चित्रात आरएसआयची रेघ दाखवली आहे, म्हणजे पाठवणाऱ्यानेच गल्लत केली आहे.) समजा निफ्टी १०,००० वरून ७,७०० वर आला आणि एखादा सेक्टर १,००० वरून ९०० वर. आधीचा भागाकार ०.१००, नंतरचा ०.११७. तक्त्यावरची रेघ सतरा टक्के वर गेली, सेक्टर पहिल्या नंबरवर आला, आणि तुमचे लाखाचे नव्वद हजार झाले. मार्केट यार्डात सगळ्याच भाज्यांचे भाव कोसळले आणि वांगी सगळ्यात कमी पडली, तर त्या दिवशी वांगी ‘मजबूत’. वांग्याची गाडी भरून आणलेल्याच्या खिशाला ते कसं समजावणार?

हे कागदावरचं उदाहरण नाही. २८ फेब्रुवारी २०२० ला निफ्टी ११,२०१ वर बंद झाला, ३१ मार्चला ८,५९७ वर. एका महिन्यात तेवीस टक्के. फार्मा आणि एफएमसीजी त्यात निफ्टीपेक्षा कमी पडले, म्हणून क्रमवारीत वर आले. पण पडलेच. शिवाय बंद भावांतला तळ २३ मार्चला होता, ७,६१०. महिनाअखेरीला एकदाच बघणाऱ्या माणसाला तो तळ लागेपर्यंत काहीही करायचं नव्हतं.

यावर उपाय आहे, तो मेसेजात नाही. क्रमवारी लावण्याआधी एक प्रश्न विचारायचा: निफ्टी स्वतः तीन महिन्यांपूर्वीच्या पातळीच्या वर आहे का? नसेल तर पैसे लिक्विड फंडात, म्हणजे अगदी थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांच्या फंडात. ही झाली चाळणी. २९ नोव्हेंबर २०१९ ला निफ्टी १२,०५६ होता, म्हणजे फेब्रुवारीअखेर उत्तर ‘नाही’ आलं असतं आणि मार्चची पडझड चुकली असती. पण याच नियमाने मार्चअखेरही बाहेरच बसवलं असतं, आणि एप्रिलमध्ये निफ्टी जवळपास पंधरा टक्के चढला. चाळणी लावली की मोठी घसरण बहुधा टळते आणि उसळीचा पहिला टप्पा बहुधा हुकतो. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. हे आधी कबूल केलं नाही तर माणूस एप्रिलअखेर वैतागून चाळणीच काढून टाकतो. माझा एक मित्र दुसऱ्या एका घसरणीनंतर नेमकं हेच करून बसला.

आता तीन वेगळ्या सेक्टरांचं बघू. मी सुरुवात केली तेव्हा एका महिनाअखेरीला माझ्या यादीत वर आले होते निफ्टी बँक, निफ्टी प्रायव्हेट बँक आणि निफ्टी फायनान्शियल सर्व्हिसेस. नावं तीन, रकाने तीन, मला केवढं समाधान! मग तिन्हींच्या फॅक्टशीट, म्हणजे कुठली कंपनी किती वजनाची ते सांगणारे कागद, शेजारी ठेवल्या. एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक तिन्हींत, आणि तिन्हींत वजनदार नावांमध्ये. म्हणजे मी एकाच गिरणीचं सूत तीन दुकानांतून घेऊन ‘पुरवठादार तीन’ असं लिहून ठेवलं होतं.

हे अपघाताने होत नाही, यादीच तशी बनलेली आहे. एनर्जी आणि ऑइल अँड गॅस या दोन्हींत रिलायन्स आणि ओएनजीसी. फार्मा आणि हेल्थकेअर या दोन्हींत सन फार्मा. बँक आणि पीएसयू बँक या दोन्हींत स्टेट बँक. एका भावंडाचा परतावा वर गेला की दुसरं त्याच्यासोबत वर येणारच. त्यामुळे क्रमवारी लावण्याआधीच यादी गाळावी लागते. वित्त क्षेत्रातून एक, तेल-ऊर्जेतून एक, औषधांतून एक, मग आयटी, ऑटो, एफएमसीजी, मेटल, रिअल्टी हे आपापले. यादी आठ-नऊवर येते. क्रमवारी लागल्यावर वरच्या तिघांच्या पहिल्या पाच-पाच कंपन्या कागदावर लिहून काढा. एकच नाव दोनदा आलं तर तुमच्याकडे तीन सेक्टर नाहीत.

पंधरा मिनिटांबद्दल माझी तक्रार नाही. वेळ खरंच तेवढाच लागतो. पण त्या पंधरा मिनिटांत खर्च काय होतो तो मेसेजात नाही, आणि हिशोब लिहिणं हाच माझा धंदा असल्यामुळे मला इथेच जास्त बोलायचं आहे.

महिनाअखेरीला तिसरा सेक्टर तीन महिन्यांत ९.१ टक्के वर आहे आणि चौथा ८.८ टक्के, असं वारंवार दिसतं. हा फरक एका दिवसाच्या चढउताराएवढाही नाही. या महिन्यात तिसरा विकून चौथा घेतला, पुढच्या महिन्यात उलट केलं. समजा सरासरीने दर महिन्याला तिघांतला एक बदलला. वर्षात बारा बदल, प्रत्येक एक तृतीयांश रकमेचा, म्हणजे अख्खी रक्कम चार वेळा फिरली.

एका फिरण्याचा खर्च किती? सेक्टर ईटीएफ म्हणजे इंडेक्समधले शेअर त्याच वजनात ठेवणारा, बाजारात शेअरसारखा विकला जाणारा फंड. त्यात एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, आणि मुद्रांक शुल्क नगण्य आहे. खरा खर्च भावातल्या फटीचा. कमी उलाढालीच्या ईटीएफमध्ये घेणारा ६०.१० म्हणतो आणि विकणारा ६०.२५. विकताना त्या फटीचा अर्धा भाग जातो, दुसरा ईटीएफ घेताना तिथला अर्धा जातो. किरकोळ शुल्कं धरून एका फिरण्याला ०.३ टक्के धरू. चार वेळा म्हणजे वर्षाला १.२ टक्के.

मग कर. २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या इक्विटीच्या नफ्यावर २० टक्के, सेस धरून २०.८. वर्षानंतर विकलं तर १२.५ टक्के, सेस धरून १३, आणि तोही सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावरच.

मेसेजातले तीन टक्के खरे धरून चालू. निफ्टी इंडेक्स फंड १२ टक्के देतो आणि ही पद्धत १५. दोन्ही आकडे फक्त गणितासाठी. पंधरातून खर्चाचे १.२ गेले, उरले १३.८. त्यावर दर वर्षी २०.८ टक्के कर, उरले साधारण १०.९३. पाच लाख दहा वर्षांत होतात १४.११ लाख. निफ्टीत पाच लाख टाकून विसरलेल्या माणसाचे १५.५३ लाख होतात. तो शेवटी एकदाच विकतो, सव्वा लाखाची सूट वजा करून उरलेल्या नफ्यावर १३ टक्के भरतो आणि १४.३२ लाख घरी नेतो.

वर्षाला तीन टक्क्यांनी जिंकलेला माणूस एकवीस हजारांनी मागे राहिला. साडूला हा कागद दाखवला तर तो म्हणाला, “अहो, पण तोट्याची वजावट मिळते की!” मिळते, पण वर धरलेला परतावा तोटे वजा करूनच आलेला आहे. एखादा सेक्टर वर्षाहून जास्त काळ यादीत टिकला तर त्याच्यावरचा कर मात्र खरोखरच कमी होतो, तेवढं त्याचं बरोबर.

म्हणून मी एकच नियम बदलला. आत येण्यासाठी वरच्या तिघांत असावं लागतं, पण बाहेर काढायचं ते पाचव्याच्या खाली घसरल्यावरच. तिसऱ्या-चौथ्याची खो-खो त्याने थांबते. वर्षाला बारा बदल व्हायचे, ते आता पाच-सहावर आले आहेत. पद्धत थोडी आळशी होते आणि पडणाऱ्या सेक्टरमध्ये एखादा महिना जास्त राहते. ते मला परवडतं.

राहिला तक्ता. त्यात तीनच महिने का, सहा किंवा बारा का नाहीत, याचं उत्तर नाही. बारा महिन्यांचं माप किती उशिरा जागं होतं ते आयटीने दाखवलं. हा इंडेक्स २०२१ मध्ये जवळपास साठ टक्के चढला आणि २०२२ मध्ये सव्वीस टक्के पडला. जानेवारी २०२२ अखेर तो घसरायला लागला होता, तरी मागच्या बारा महिन्यांच्या हिशोबात निफ्टीच्या पुढेच दिसत होता. लहान माप लवकर उठवतं, पण विनाकारणही उठवतं. चढलेले उद्योग पुढेही काही काळ चढत राहतात, उद्योगांच्या पातळीवर असा जोर असतो, हे मॉस्कोविट्झ आणि ग्रिनब्लाट या संशोधकांनी १९९९ मध्ये अमेरिकेच्या बाजारावर दाखवलं होतं, त्यामुळे मुळातली कल्पना पोकळ नाही. पण त्यांच्या मोजणीत वरचे उद्योग घेण्याबरोबर खालचे उद्योग शॉर्टही केलेले होते, म्हणजे भाव पडतील या हिशोबाने आधी विकलेले होते. आपण त्यातलं अर्धंच करतो.

आणखी एक. तक्त्यात २०२३ साली रिअल्टीचा मोठा वाटा आहे. त्या वर्षी तो इंडेक्स ऐंशी टक्क्यांच्या वर गेला, हे खरं. पण निफ्टी रिअल्टीवरचे ईटीएफ आणि इंडेक्स फंड आले २०२४ मध्ये. २०२३ मध्ये तो परतावा हवा असता तर इंडेक्समधले दहा शेअर त्याच वजनात स्वतः घ्यावे लागले असते आणि वजन बदललं की स्वतःच जुळवावे लागले असते. पंधरा मिनिटांत ते होत नाही. तेव्हा तक्ता कोणीही पाठवला तरी मी आता आधी शेजारी एक रकाना आखतो: त्या महिन्यात हे विकत घेता येत होतं का? साडूच्या तक्त्यात हा रकाना भरायला बसलो आणि रिअल्टीचे सगळे महिने खोडावे लागले.