किमान

बँकेत तीस वर्षं नोटिसा काढल्या ही बातमी गल्लीत फुटली आणि तिथेच माझं नशीब फुटलं. रविवारी गणेश मंडळाचा खजिनदार आमच्या इंदिरानगरच्या घरी मिसळीचं पार्सल घेऊन आला. नाशकात कुणी न मागता मिसळ आणली की समजावं, काम मोठं आहे.

"काका, वर्गणीची सूचना जरा गोड करून द्या. मागच्या वर्षी लोक भडकले."

मागची सूचना अशी होती: ‘सर्व रहिवाशांना सक्त ताकीद की, घरटी किमान १५०१ रु. त्वरित जमा करावेत. न देणाऱ्यांची नावे फलकावर लावण्यात येतील. आपले नम्र.’ त्या ‘नम्र’कडे मी बराच वेळ पाहत बसलो.

आधी फलक खोडला. मग ‘किमान’. तिथे तो कळवळला. "आकडा नाही लिहिला तर लोक ५१ रुपये टेकवतात, काका!" खरं होतं. आकडा लिहावा तर खंडणी, न लिहावा तर ५१. म्हटलं, हिशोबाची वही आण.

वहीत सगळं होतं: मांडव आणि दिवे २२ हजार, मूर्ती ८ हजार, महाप्रसाद १८ हजार, ढोल १२ हजार. एकूण साठ. मागचे शिल्लक सहा. म्हणजे हवेत ५४ हजार, आणि घरं ४५. हे जसंच्या तसं लिहू, भागाकार लोक आपापल्या स्वयंपाकघरात करतील. १२०० हा आकडा आपण उच्चारायचाच नाही.

"आणि धर्मादाय कार्यालयाची परवानगी?" नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला कलम ४१-क खाली ती लागते. घेतली होती म्हणे, पण कागद गणपतीच्या मखरासोबत माळ्यावर. तो उतरवला, क्रमांक सूचनेत टाकला.

अखेर त्या क्रमांकाखाली एवढं उरलं:

‘यंदाचा अंदाजे खर्च ६० हजार, शिल्लक ६ हजार, बाकीचे आपल्या ४५ घरांतून जमवायचे आहेत. वर्गणी ऐच्छिक आहे. जमेल तेवढी शनिवार-रविवारी संध्याकाळी ६ ते ८ मांडवात द्यावी, पावती घ्यावी. वर्गणीसाठी कोणी घरी येणार नाही. कोणी किती दिले हे लावले जाणार नाही. खर्चाचा हिशोब मात्र विसर्जनानंतर आठ दिवसांत लावू.’

"आणि खाली ‘त्वरित’?" त्याने आशेने विचारलं. मी मिसळीचा रस्सा ओरपला.

सूचना लागली त्याच रात्री बेल वाजली. दारात खजिनदार.

"अरे, घरी यायचं नाही असं लिहिलंय ना?"

"वर्गणीसाठी नाही आलो, काका. तुम्ही सूचना वाचली का, एवढंच विचारायला आलो."

खिशातून पावतीपुस्तक अर्धं बाहेर डोकावत होतं.