उरलेले बारा हजार उरलेले नव्हतेच

गेल्या वर्षी मे महिन्यात मुलीच्या शाळेचा मेसेज आला. फीचा पहिला हप्ता १८ हजार, १५ जूनच्या आत भरा. खात्यात ९ हजार होते. एफडी मोडून फी भरली. त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "हा खर्च अचानकच आला बघ." नवरा म्हणाला, "अचानक कसा? फी दरवर्षी जूनमध्येच येते."

ते मनाला फार लागलं. आम्ही उधळे नाही. घरात ४८ हजार येतात आणि भाडं, किराणा, दूध, भाजी, वीज, गाडीचा हप्ता, पेट्रोल, मुलीची रिक्षा, सासूबाईंना गावी पाठवायचे ४ हजार, असं सगळं मिळून जातात ३५,९००. म्हणजे दरमहा १२,१०० उरायला हवेत. मग ते जातात कुठे, हे दोघांनाही सांगता येईना.

वडिलांना फोन केला. ते जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते. १९८६ साली शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना राज्यात शून्याधारित अर्थसंकल्प आला, ती धावपळ त्यांना अजून आठवते. मागच्या वर्षी एखाद्या बाबीवर दहा लाख होते म्हणून यंदा अकरा, असं चालणार नव्हतं. प्रत्येक बाब शून्यापासून मांडायची आणि ती का हवी, ते लिहून द्यायचं. घरात करताना त्यात एक गोष्ट वाढते, असं ते म्हणाले. पगार आला की त्यातल्या प्रत्येक रुपयाला खर्चाच्या आधीच काम लावायचं. पगारातून सगळी वाटणी वजा केली की बाकी शून्य आली पाहिजे.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. शून्य म्हणजे खातं रिकामं करणं नव्हे. बँकेत ४० हजार पडलेले असू शकतात, पण त्यातला एकही रुपया बिनकामाचा नसतो. बचत हेसुद्धा कामच, त्यालाही पाकीट असतं. (पाकीट म्हणजे आमच्या वहीतला एक रकाना. पैसे बँकेतच राहतात.)

मग वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च लिहून काढले. शाळेची फी दोन हप्त्यांत ३६ हजार, आरोग्य विम्याचा हप्ता १९,२००, दिवाळी १२ हजार, लग्नकार्यातले आहेर ६ हजार, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,८००. बेरीज ७८ हजार. बाराने भागलं तर महिन्याला ६,५००. म्हणजे ज्या १२,१०० रुपयांना आम्ही उरलेले समजत होतो, त्यातले निम्म्याहून जास्त आधीच कुणाचे तरी होते. ते आम्ही महिन्याच्या महिन्याला दुसरीकडेच खर्च करत होतो आणि जूनमध्ये एफडी मोडत होतो.

पगाराचे अमुक टक्के गरजांना, तमुक टक्के हौसेला, असे जे नियम सांगतात ते मला म्हणूनच पटत नाहीत. फी जूनमध्ये येते आणि विमा जानेवारीत, हे टक्क्यांना कळत नाही.

पण बाराने भागणं हीसुद्धा पहिल्या वर्षी चूक ठरते, आणि नव्याने सुरू करणारे बहुतेक जण तिथेच अडतात. आम्ही जुलैपासून सुरुवात केली. फीचे महिना ३ हजार ठेवले असते तर नोव्हेंबरच्या हप्त्यापर्यंत पाच पगारांतून १५ हजारच जमले असते, भरायचे होते १८. म्हणून पहिल्या वेळी भागायचं ते हातात उरलेल्या पगारांनी. फीला पाच पगार, म्हणजे ३,६००. ऑक्टोबरातल्या दिवाळीला चार पगार, म्हणजे ३ हजार. जानेवारीतल्या विम्याला सात पगार, म्हणजे साधारण २,७५०. त्यात गाडीचे ४०० आणि आहेराचे ५०० धरले की १०,२५० झाले. राहिले १,८५०. त्यातले डॉक्टर-औषधांना ८००, बाहेरच्या खाण्याला ६००, किरकोळ ४५०. बाकी शून्य.

पहिले चार महिने जड गेले, हे मी लपवत नाही. बचतीच्या पाकिटात काहीच पडलं नाही. पण दिवाळीनंतर पुढच्या दिवाळीला महिन्याला हजारच ठेवायचे होते, म्हणजे २ हजार सुटले, नोव्हेंबरात फी भरल्यावर पुढच्या हप्त्याला सात महिने मिळाले, आणि तेव्हापासून दरमहा ३ हजार बाजूला पडायला लागले.

वाटणी एकदा केली की महिनाभर तशीच टिकते, असं मात्र मुळीच नाही. गणपतीत पाहुणे आले आणि भाजी-फळांचं पाकीट २० तारखेलाच संपलं. आणखी ७०० हवे होते. दिवाळीच्या पाकिटात तेव्हा ९ हजार दिसत होते आणि हात तिकडेच जात होता. आम्ही बाहेरच्या खाण्याचे ६०० आणि किरकोळमधले १०० भाजीकडे वळवले आणि वहीत तसं लिहिलं. त्या महिन्यात हॉटेल नाही. एका पाकिटात कमी पडलं तर दुसऱ्यातून घ्यायचं, पण कुठून घेतलं ते लिहायचं. तेच पाकीट सलग तीन महिने कमी पडलं तर आकडाच खोटा आहे असं समजायचं आणि पुढच्या महिन्यात तो वाढवायचा. आमचं भाजीचं २,८०० चं आता ३,२०० झालंय.

हिशोब बिघडतोय की नाही हे कळायची एकच खूण मी धरते. दर रविवारी सगळ्या पाकिटांची बेरीज करायची. ती बँकेतली शिल्लक आणि घरातली रोकड यांच्या बेरजेइतकी यायला हवी. एकदा ३४० रुपये जुळेनात. शोधलं तर यूपीआयवरून दिलेले पेट्रोल आणि झेरॉक्सचे पैसे लिहायचे राहिले होते. आठवड्यात शोधलं म्हणून सापडले, महिन्याने आठवले नसते. क्रेडिट कार्डाचंही तसंच. कार्डावर किराणा घेतला की त्याच दिवशी तेवढे पैसे किराण्याच्या पाकिटातून काढून कार्डाच्या बिलाच्या पाकिटात टाकायचे, नाहीतर तेच पैसे दुसऱ्यांदा खर्च होतात.

ज्या घरात भाडं आणि अन्नालाच पगार पुरत नाही, तिथे ही पद्धत पैसे निर्माण करत नाही. नेमके किती कमी पडतात तेवढं दाखवते. तिथे काटकसरीचे सल्ले देऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

आणि "आम्हाला कुठे पगार असतो?" असं विचारणाऱ्यांसाठी माझ्या बहिणीचं सांगते. निफाडजवळ तिची द्राक्षबाग आहे. वर्षाचे पैसे मार्च-एप्रिलमध्ये एकदमच येतात. हातात न आलेल्या पैशाला ती काम लावत नाही. व्यापाऱ्याने नुसता भाव सांगितला म्हणून काही वहीत चढत नाही. पैसे आले की आधी गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज, मग एप्रिलच्या खरड छाटणीची मजुरी, मग ऑक्टोबर छाटणी आणि तिथून पुढच्या औषधांचे पैसे वेगळे. उरतात त्याचे बारा नव्हे, तेरा भाग करते, कारण एखाद्या वर्षी माल उशिरा निघतो. दर महिन्याच्या एक तारखेला त्यातला एक भाग ती घरखर्चाच्या खात्यात टाकते आणि त्याला पगार म्हणते.