स्लॅबची रजा: प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "दादा, चार आठवडे आधी रजा मागा म्हणता, पण स्लॅबची तारीख सेंट्रिंगवाल्यालाच माहीत नसते. तारीख सरकली की रजाही वाया आणि साहेबही नाराज. त्यापेक्षा आदल्या दिवशी सीएल टाकावी, नाहीतर सरळ मेडिकल. तुमचा सल्ला पुस्तकी आहे."

भाऊ, तारीख सरकते हे तुमचं शंभर टक्के खरं. म्हणून तर मोठी रजा मागू नका, एकच दिवस मागा आणि तो शुक्रवार असू द्या. राज्य शासनाच्या बहुतेक कार्यालयांत २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शुक्रवारी नैमित्तिक रजा, शनिवारी स्लॅब, रविवारी पाणी, सोमवारी टेबलावर. लागून आलेल्या सुट्ट्या नैमित्तिक रजेत मोजत नाहीत, म्हणजे वर्षाच्या आठांतली एकच गेली. तेच गुरुवार ते मंगळवार अर्जित रजा घेतली तर मधले शनिवार-रविवारही खात्यातून वजा होतात. तुमच्या गावचा आठवडे बाजार शनिवारी असेल तर मजूर येणार नाहीत; मग स्लॅब रविवारी धरा आणि रजा सोमवारी.

आता शुक्रवारच का? कारण खरी देखरेख स्लॅबच्या दिवशी नसते, आदल्या दिवशी असते. काँक्रीट पडलं की लोखंड दिसत नाही. शुक्रवारी दुपारी उजेड असताना वर चढून बघा: सळईखाली २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक आहेत की सळई प्लेटवरच लोळतेय? बीमवरून जाणारी वरची सळई वाकवलेल्या सळईच्या खुर्च्यांवर उभी आहे की मजुरांच्या पायांनी दबून खाली बसलीय? हा दोष बऱ्याचदा आढळतो आणि पुढे बीमच्या कडेने वरून भेग पडते ती बहुतेक वेळा त्यामुळेच. पंख्याचे बॉक्स आणि वायरिंगचे पाइप मोजून घ्या. शनिवारी सकाळी हेच सांगाल तर मिक्सर सुरू असतो, वीस माणसं उभी असतात आणि ठेकेदार म्हणतो, "आता राहू द्या भाऊ, काही होत नाही." आदल्या दिवशी सांगितलं तर तासाभरात खुर्च्या लागतात.

शनिवारीही अर्धा दिवस चालत नाही. १००० चौरस फूट, ५ इंची स्लॅब म्हणजे साधारण पावणेबारा घनमीटर काँक्रीट. एम-२० मालाला जवळपास ९५ गोण्या, बीम वेगळे. एका गोणीला एक फेरा, फेऱ्याला पाच-सहा मिनिटं, म्हणजे आठ-नऊ तास झाले. गडबड होते ती जेवणानंतर. ऊन तापतं, माल घट्ट होतो आणि मिस्तरी ओरडतो, "पाणी वाढव रे!" गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरतं, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. बादली ठरवून द्या आणि मिक्सरपाशीच उभे राहा, वर नको. वर सगळे असतात, खाली कोणी नसतं.

तारीख सरकण्याचं गणितही अवघड नाही. एवढ्या स्लॅबला प्लेटा लावणं आणि लोखंड बांधणं मिळून सहसा आठ-दहा दिवस जातात. म्हणजे टेकू उभे राहायला लागले की येणारा शनिवार गाठणार की त्यापुढचा, हे कळतं. म्हणून अर्जात दोन शुक्रवार लिहा: "घराच्या स्लॅबच्या कामासाठी शुक्रवारी, आणि काम पुढे गेल्यास त्यापुढील शुक्रवारी, एक दिवसाची नैमित्तिक रजा मिळावी. नेमका दिवस चार दिवस आधी कळवीन. माझं टेबल अमुक सहकारी पाहतील, त्यांची संमती आहे." साहेब नाराज होतात ते तारीख बदलली म्हणून नाही, टेबल उघडं पडलं म्हणून. आणि लग्नसराईत त्याच शुक्रवारी दुसऱ्या कोणाच्या घरी हळद असते. जो आधी सांगतो त्याची रजा आधी बसते. आदल्या दिवशीचा अर्ज इथेच मार खातो.

काही आठवडे मात्र मुळातच टाळा. होळीला सातपुड्यातले मजूर भोंगऱ्या बाजारासाठी गावी जातात, आखाजीला अख्ख्या खानदेशात काम थंडावतं, आणि मार्चअखेरीला रजा मागणं म्हणजे नकार मागून घेणं.

मेडिकलचं म्हणाल तर ते खोटं प्रमाणपत्र झालं आणि कारवाईला आमंत्रण. शिवाय गल्लीत दिवसभर मिक्सर धडधडतो, तो कार्यालयातल्या कोणाच्या ना कोणाच्या घराशेजारीच.

पुढच्या कामाला रजा लागत नाही. स्लॅबवर आळी करून किमान १० दिवस पाणी ठेवायचं, सिमेंट पीपीसी असेल तर १४. हे घरातलं कोणीही करतं. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू ७ दिवसांआधी आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांआधी काढू द्यायचे नाहीत. हा हिशेब साध्या ओपीसीचा. पीपीसीला आणखी थांबा. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते, म्हणून काढायची तारीख त्याच्या पावतीवरच लिहून घ्या.