उजाडलं हो तुमचं सारं

नाइट शिफ्ट संपवून बसमधे बसलो की मला गाणं सुचतं, म्हणजे खरं तर झोप येत असते पण मी तिला गाणं म्हणतो. त्या दिवशी ठरवलं की आज लिहायचंच, रात्रपाळीवाल्याचं घरी जातानाचं गाणं.

पहिली ओळ आली 'पहाट झाली'. लगेच खोडली. पहाट ज्याची झाली त्याची झाली, माझा तर कालचाच दिवस अजून संपला नव्हता! आणि भूपाळी असते उठवायला, मला हवी होती अंगाई, तीही तोंडावर ऊन घेऊन. बरं ते ऊन डोळ्यात गेलं की मेंदू झोपेचं मेलाटोनिन बनवणं आवरतं घेतो, म्हणून मी सकाळी सहाला गॉगल लावून बसतो आणि लोक मला हिरो नाहीतर चोर समजतात.

शेवटी मुखडा सापडला: 'उजाडलं हो तुमचं सारं, माझी अजून रात'. मांडीवर केरवा वाजवून बघितला, धागे नाती नके धिन, आठ मात्रा. 'उजाडलं हो' आठ, 'तुमचं सारं' आठ (बोलताना 'लं' आणि 'चं' लांबतात म्हणून दोन-दोन धरायच्या), 'माझी अजून' आठ. 'रात' मात्र तीनच. म्हणजे चौथ्या आवर्तनात पाच मात्रा रिकाम्या. एखाद्याने तिथे 'रे राजा' वगैरे भरलं असतं, पण मला वाटलं राहू दे, दमलेला माणूस तिथे श्वास घेईल.

अंतऱ्याला बाहेर बघितलं. शटर वर जात होती, दप्तरं धावत होती आणि रस्त्यावरचे दिवे नेमके आमच्यासमोर विझले. 'दिवे विझवती रस्त्यावरचे, मीही मिटतो डोळे'. मीटरमधे चपखल! 'विझवती' कोण बोलतं म्हणा, पण 'विझवतात' घेतलं की एक मात्रा जास्त होते. आता 'रात'शी यमक पाहिजे. साथ, बात, वात, सगळं घासून गुळगुळीत झालेलं. तेवढ्यात सिग्नलला बस थांबली, समोरच्या खिडकीत एक काका ब्रश तोंडात धरून माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की जसा मीच त्यांना उठवलाय. झालं काम: 'खिडकीमधुनी बघतो कोणी घासत घासत दात'. सगळ्या मात्रा जागेवर, एकही ओढाताण नाही, एवढी चांगली ओळ मला टेबलावर बसून कधी आली नसती.

विसरायच्या आत फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि मुखडा गायला लागलो.

संध्याकाळी उठून ऐकलं. 'उजाडलं हो तुमचं सारं, माझी अजून रात...' इथपर्यंत सुरात आहे. मग त्या पाच रिकाम्या मात्रा. मग इंजिनाची घरघर, त्यात माझी घरघर, सम कुठे पडली काही कळत नाही, आणि तब्बल अकरा मिनिटांनी एक अनोळखी आवाज, "ओ साहेब, उठा, लास्ट स्टॉप आला."