डाव्या पायाचं काय करायचं?

गाडी शिकायला बसले तेव्हा मला फक्त पुढच्याला धडकायची भीती वाटत होती. मागच्यालाही धडकता येतं, हे उड्डाणपुलाच्या चढावर कळलं.

क्लासची गाडी गिअरची. रांग थांबली, मी थांबले. रांग हलली, मी क्लच सोडला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा चावी, पुन्हा आचका. तिसऱ्यांदा बंद पडली नाही, पण निघाली ती मागे. "मॅडम, हँडब्रेक!" म्हणत सर त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर जवळजवळ उभेच राहिले.

मग त्याच हॉर्नच्या गजरात शिकवणी झाली. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडा रेस. "आता क्लच मुंगीच्या पावलाने वर घ्या. आवाज ऐका." इंजिनाचा आवाज जड झाला, सीट थरथरली, बॉनेटने नाक किंचित वर केलं. "बस! पाय तिथेच. हँडब्रेक सोडा." आणि गाडी मागे न घसरता निघाली! मी खूश. इतकी खूश, की पुढचा अख्खा जाम मी हँडब्रेकला हात न लावता हाफ क्लचवरच गाडी तोलून धरली. जळका वास आला. मी पुढच्या ट्रककडे रागाने बघितलं.

"त्याचा नाही मॅडम, आपला आहे. क्लच प्लेट घासतेय."

घरी आल्यावर जाहीर केलं: घ्यायची तर ऑटोमॅटिक. भाच्याने त्याची चालवायला दिली. ब्रेक सोडला की आपली आपण सरकते. रेस नाही, क्लच नाही. जाममध्ये फक्त उजवा पाय उचलायचा आणि टेकवायचा. स्वर्गच! पण डावा पाय बेकार झाला आणि बेकार माणूस करतो तेच त्याने केलं. समोर अचानक कुत्रं आलं, तसा तो जुन्या सवयीने क्लच दाबायला धावला. तिथे होता रुंद ब्रेक. क्लच तळापर्यंत दाबायचा असतो ना, तसाच दाबला. भाच्याचा चष्मा डॅशबोर्डवर, मागची गाडी वीतभर अंतरावर.

"मावशी, डावा पाय सीटजवळ ओढून ठेव. तो नाहीच असं समज."

त्यानेच आणखी एक सांगून ठेवलं. एएमटी नावाची ऑटोमॅटिक म्हणजे आतून गिअरचीच गाडी, क्लच आणि गिअर फक्त यंत्र सांभाळतं. ब्रेक सोडल्यावरही गाडी क्षणभर धरून ठेवणारं हिल होल्ड नसेल तर चढावर तीही मागे येते, आणि रेस देऊन तोलून धरली तर तिचीही प्लेट जळते. तेव्हा शोरूमच्या सपाट रस्त्यावर भुलू नकोस, चढावर चालवून बघ.

मी हट्टाने सेल्समनला चढावर नेलं. मध्येच थांबले. दीर्घ श्वास घेतला. गाडी एक इंचही मागे आली नाही.

"बघा, अजिबात घसरत नाही!" मी म्हणाले.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "आधी ब्रेक तरी सोडा."

खाली पाहिलं. दोन्ही पाय ब्रेकवर होते.