मेलच्या शेवटी ‘सहपत्रे : 2’ लिहायला लागा

भोसरीतल्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. चौकशी पाठवायची, कोटेशनं मागवायची, आली की दरांचा तुलना-तक्ता करायचा, हे माझं रोजचं काम. ‘सोबत कोटेशन जोडले आहे’ असं लिहिलेलं आणि सोबत काहीच नाही, असे मेल मला नेहमी येतात. ‘घाईत राहिलं असेल’ म्हणून सगळे सोडून देतात, पण मला ते पटत नाही. छोट्या वर्कशॉपवाल्याची ऑर्डर यापायी जाते, आणि हे टाळता येतं.

मागच्या एका चौकशीचं सांगते. मशीनसाठी शीट मेटलचे गार्ड हवे होते. मागितल्या होत्या दोनच गोष्टी: कोटेशन आणि सही-शिक्का केलेलं ड्रॉइंग, संध्याकाळी 5 च्या आत. आमच्याकडे बरीच वर्षं काम करणाऱ्या एका काकांचा मेल वेळेत आला. ‘मॅडम, कोटेशन व सही केलेले ड्रॉइंग सोबत पाठवत आहे.’ पाचनंतर सगळे मेल उघडले, तर काकांच्या मेलमध्ये फक्त ड्रॉइंग. फोन केला.

“काका, कोटेशन नाहीये हो.”

“अहो मॅडम, लावलंय की! बघा नीट.”

“तुमच्या Sent मध्ये जाऊन बघा ना एकदा.”

थोडा वेळ पलीकडून नुसता वर्कशॉपचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, “पीडीएफ केलीच नाही वाटतं.” तोवर बाकीच्यांचे दर उघडले होते, त्यामुळे त्यांचा दर तक्त्यात घेता येईना. नंतर कळलं की त्यांचा दर चांगला होता.

घडलं कसं, तेही त्यांच्याशी बोलून समजलं. त्यांनी आमच्याच चौकशीला Reply केलं आणि मजकूर आधी लिहून ठेवला. पत्र्याचा भाव यायचा होता, म्हणून कोटेशन एक्सेलमध्ये अर्धवट होतं. दरम्यान मुलाने ड्रॉइंग स्कॅन करून दिलं, ते लावलं. भाव आला, एक्सेलमध्ये भरला, परत मेलवर आले. खाली एक फाईल लागलेली दिसली आणि Send दाबलं.

यात फाईल लावायची आठवण करून देणारी मेलमधली सोय कुठेच उपयोगी पडली नसती. जीमेल, आउटलुक, थंडरबर्ड सगळ्यांत ती आहे, पण ती करते एवढंच: मजकुरात ‘attached’ सारखे ठरावीक शब्द आहेत का बघते, आणि ते असून एकही फाईल नसेल तर विचारते. एक फाईल लागली की ती गप्प. दोनपैकी एक राहिली, मागच्या महिन्याचं कोटेशन लागलं, यातलं तिला काही कळत नाही. आणि आपण मेल लिहितो मराठीत. ‘सोबत’, ‘जोडले’ हे शब्द तिच्या यादीत असतील असं धरून चालू नका. स्वतःच्याच पत्त्यावर तसा एक मेल पाठवून बघा, ती विचारते का ते लगेच कळेल.

म्हणून माझा आग्रह ‘सहपत्रे’ या ओळीचा आहे. कचेरीतल्या जुन्या पत्रांत सहीच्या आसपास ही ओळ असायची, पुढे सोबत जोडलेल्या कागदांचा आकडा. मेल आला आणि ती गेली. ती परत आणायची, आणि मेल लिहायला घेताना सगळ्यात आधी तीच टाइप करायची. समोरच्याने काय मागितलंय ते बघून लिहायचं:

सहपत्रे : 2 (कोटेशन, सही केलेलं ड्रॉइंग)

मग वरचा मजकूर. पाठवण्याआधी हा आकडा आणि लागलेल्या फायली जुळवायच्या. काकांच्या मेलमध्ये 2 लिहिलेलं असतं आणि खाली एकच फाईल दिसली असती, तर हात थांबला असता. शिवाय मेल वाचणाऱ्यालाही काय यायचं होतं ते कळतं.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांना या ओळीचा आणखी एक फायदा आहे. त्यातली शब्दांची यादी आपल्याला बदलता येते. Settings मध्ये Composition, तिथे Attachments खाली ‘Check for missing attachments’ वर खूण करा आणि शेजारच्या Keywords वर जा. तिथे ‘सहपत्रे’, ‘सोबत’, ‘जोडले’, ‘जोडली’, ‘जोडला’ असे शब्द एकेक करून घाला. आपल्याकडे शब्दाची रूपं बदलतात, म्हणून प्रत्येक रूप वेगळं घातलेलं बरं. पुढच्या मेलमध्ये यातला शब्द टाइप केला की खिडकीत खाली आठवणीची पट्टी येते, आणि फाईल न लावता Send केलं तर विचारणा होते. एक काळजी घ्या. सहपत्रांची ओळ Signature मध्ये कायमची टाकून ठेवू नका. थंडरबर्ड सहीचा भाग तपासत नाही, आणि रोज तीच ओळ आपोआप आली की आपलंही लक्ष उडतं. ‘सोबत’ हा शब्द एरवीही येतो, त्यामुळे उगाच विचारणा होऊ लागली तर तो काढून टाका. विनाकारण येणारी सूचना माणूस न वाचताच बंद करायला शिकतो, आणि मग खरी सूचनाही तशीच जाते.

जीमेलमध्ये दुसरी सोय चालू करा. संगणकावर गिअरच्या चिन्हावरून See all settings, General, तिथे Undo Send. ही मुदत 5 सेकंदांची असते, ती 30 करा आणि तळाशी जाऊन Save Changes दाबा, ते राहिलं तर बदल होत नाही. हे 30 सेकंद मेल तुमच्याकडेच असतो. बरेचदा Send दाबल्या दाबल्याच माणसाला आठवतं, तेव्हा 5 सेकंदांत हात पोचत नाही, 30 मध्ये पोचतो. क्लासिक आउटलुकमध्ये Rules मधून प्रत्येक मेल दोन मिनिटं Outbox मध्ये थांबवता येतो, नियम करताना त्यात ‘defer delivery by a number of minutes’ हा पर्याय निवडायचा. फक्त मुदतीच्या दिवशी पाचला एक मिनिट असताना Send दाबून आउटलुक बंद केलं, तर मेल तिथेच अडकू शकतो. वेळेचं काम असेल तर तेवढ्यापुरता नियम बंद ठेवा.

‘आधी फाईल लावा, पत्ता शेवटी टाका’ हा सल्ला सगळे देतात आणि तो चांगलाच आहे. पण कोटेशन जातं ते बहुतेक Reply मधून, आणि तिथे पत्ता आधीच भरलेला असतो. म्हणून Reply उघडल्यावर To मधला पत्ता काढून टाका, सगळं जुळल्यावर परत टाका. Reply मध्ये मूळ मेलमधल्या फायलीही जात नाहीत, त्या Forward मध्येच जातात. आमचं ड्रॉइंग आम्हालाच परत पाठवायचं असेल तर ते डाउनलोड करून, सही करून, नव्याने लावावं लागतं.

आणि तरीही राहून गेलंच, तर ‘राहिलेली फाईल’ एवढंच लिहून सुटा मेल पाठवू नका. तो दुसऱ्या दहा मेलांत हरवतो आणि कुठल्या चौकशीचा ते आम्हाला शोधत बसावं लागतं. Sent मध्ये जा, स्वतःचाच मेल उघडून त्याला Reply all करा, पत्ते आमचेच आहेत ना ते बघा, विषय बदलू नका, आणि फक्त राहिलेली नाही तर सगळ्या फायली परत लावा. पहिल्या ओळीत ‘आधीच्या मेलऐवजी हा धरावा’ असं लिहा आणि लगेच फोन करा. पाच वाजायच्या आत फोन आला तर माझ्यासारखीला तो मेल वेळेत धरता येतो.