पीप पीप आणि मम्मी

आमच्या घरात गाडी रिव्हर्स घ्यायची वेळ आली की मला हमखास काहीतरी काम आठवतं. दूध उतू जायलंय, गॅस बंद केलाय का बघायचंय, काहीही. पुढं जायला मी भीत नाही हं, महाद्वार रोडच्या गर्दीतनं दिवाळीत गाडी काढलेली बाई आहे मी, पण मागं म्हणलं की हातपाय गार.

जुन्या गाडीला कॅमेरा बिमेरा काही नव्हता, तेव्हा आमची सिस्टीम साधी होती. हे मागं उभं राहून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" म्हणायचे आणि मी येऊ द्यायचे. एकदा एका लग्नाच्या हॉलवर हे नव्हते तर कोणतरी अनोळखी भाऊ आपणहून धावत आले, "येऊ द्या वहिनी, येऊ द्या, बिनधास्त येऊ द्या", आणि मग धाडकन आवाज झाल्यावर म्हणाले, "बास." ते "बास" अजून माझ्या कानात आहे.

आता नवीन गाडी आली. हिला मागं सेन्सर, कॅमेरा, स्क्रीनवर हिरव्या पिवळ्या लाल रेषा, सगळा थाट. आणि शिकवायला कोण, तर आमची मनू. वय १६, लायसन नाही, स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नाही, पण गाडीसोबत आलेलं जाडजूड पुस्तक घरात फक्त तिनंच वाचलेलं.

"मम्मी, १ जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांना सेन्सर सरकारनंच सक्तीचा केलाय, आणि तू त्याच्यावरच विश्वास ठेवीनास?"

म्हणलं हेल्मेट पण सक्तीचंय बाई, कोल्हापुरात किती जणांच्या डोक्यावर दिसतंय सांग.

माझा प्रॉब्लेम असा की पहिलं पीप वाजलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर. मला ते पीप म्हणजे सासूबाईंनी आतल्या खोलीतनं घसा खाकरल्यासारखं वाटतं, अजून काही बोललेल्या नसतात पण आपण थांबायचं असतं. मग मी खाली उतरणार, मागं जाऊन बघणार, परत बसणार, परत पीप, परत उतरणार. शेवटी गाडी अशी लावायची की मागच्या भिंतीपर्यंत एवढी जागा शिल्लक की शेजारच्या काकांनी एकदा सरळ त्यात आपली स्कूटर आडवी लावली.

रविवारी सकाळी मनूनं मिक्सरचा आणि कुकरचा असे दोन रिकामे खोके बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एकावर एक ठेवले, माझ्या शिलाईच्या डब्यातला टेप घेतला आणि हुकूम सोडला, "खोक्याला धडकलीस तरी चालेल. तू फक्त मागं ये, पीप बदललं की मी थांब म्हणीन."

पहिलं सुटं सुटं पीप वाजलं. थांबले. टेप लावला तर जवळजवळ ४ फूट! म्हणजे एवढे दिवस मी ४ फुटावर घाबरून उतरत होते. पुढं पीप भराभर व्हायला लागलं तेव्हा २ फूट. आणि ते न थांबता लांबलचक पीईईईप झालं, ज्याला मी आजवर कधी पोचलेच नव्हते, तेव्हा बंपरपासून खोक्यापर्यंत अजून १ फूट मोकळा होता. मी तीनदा मोजायला लावलं. टेप माझाच, तरी. स्क्रीनवरची लाल रेषा जमिनीवर कुठं येते तेही तिनं खडूनं मार्क केलं, ती दीड फुटावर निघाली.

"मग हे लांबलचक वाजलं की थांबायचं. त्याच्या आधी नाही. कळलं?"

"ते वाजतंय कशानं पण?"

तर म्हणे बंपरमधल्या त्या गोल टिकल्या आवाज सोडतात, आपल्याला ऐकू न येणारा, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि यायला किती वेळ लागला त्यावरनं गाडी अंतर काढते. वटवाघळासारखं. म्हणजे गाडी बघत नाही, ऐकते. मला हे एकदम पटलं, कारण आमच्याकडे ऐकण्याचं काम कोणच करत नाही, गाडी तरी करू दे.

पण मी पण कोल्हापूरची. म्हणलं थांब, मी ठेवते वस्तू. खोके काढले आणि पार्किंगच्या कडेला पडलेला वीतभर उंचीचा दगड मधोमध ठेवला. मागं आले. लांबनं पीप झालं, बरं वाटलं, आणखी मागं आले तर पीप चक्क बंद! दगड आहे तिथंच आहे, पण सेन्सर गप्प. मनूनं पळत येऊन बघितलं, दोन मिनिटं विचार केला आणि मग म्हणाली, सेन्सर बंपरवर उंच आहे, दगड एवढा जवळ आला की त्या आवाजाच्या खाली जातो. मग कठड्यावर वाळत घातलेली गोधडी आणून दोरीवर टांगली, तर तिच्यासाठी पीप एकदम उशिरा. मऊ कापड आवाज पिऊन टाकतं म्हणे. (गोधडीची नंतर काय अवस्था झाली ते विचारू नका.)

"म्हणून तर कॅमेरा आहे मम्मी. दगड स्क्रीनवर दिसतोय की नाही?"

दिसत होता. ठीक आहे म्हणलं. कान आणि डोळे दोन्ही.

आठवडाभर झ्याक चाललं. रंकाळ्यावर दोन गाड्यांच्या मधे लावली, एकदाही न उतरता, आणि मनूनं मागच्या सीटवरनं टाळ्या वाजवल्या.

मग परवा फुलेवाडीच्या पुढं मावशीकडं चाललो होतो, वाटेत चहाला थांबलो. टपरीसमोरच्या मोकळ्या जागेत उसाची ट्रॉली आमच्याकडं पाठ करून उभी होती, तिच्या मागं आमची गाडी रिव्हर्सनं लावायची होती. मनू स्क्रीन बघत होती. "ये, ये, ट्रॉलीचं चाक लांब आहे, लाल रेषेच्या कितीतरी पलीकडं." पीप पण नाही. सेन्सर गप्प, कॅमेरा मोकळा, गुरू खूश, आणि माझी जुनी खोड, मी मान वळवून मागच्या काचेतनं बघितलं. काच हिरवीगार. करकचून ब्रेक.

ट्रॉलीच्या मागं ऊस तीनचार फूट बाहेर लोंबत होता, काचेच्या उंचीवर. सेन्सर बंपरच्या उंचीचं ऐकतो, ऊस त्याच्या वर. आणि स्क्रीनवरच्या रेषा जमिनीवर आखलेल्या, त्या चाक कुठं टेकलंय तेवढं सांगतात, वर काय पुढं आलंय ते नाही. स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला थोडं हिरवं दिसत होतं, ते मनूला झाड वाटलं.

दोघी खाली उतरलो. पाल्याचं टोक काचेला गुदगुल्या करत होतं. मनू थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग तिच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. "थांब, मोजूया नक्की किती राहिलंय. टेप डिकीत आहे."

डिकी उघडायला गेली. वर उचलली आणि दारानं उसाला टक्कर दिली, पुढं उघडेचना.

मग मी गाडी पुढं घेतली. पुढं घ्यायला मला कोणी शिकवावं लागत नाही.